कापड वेगळं, शिलाई तीच

सोलापूरची ओळख चादरीची असली, तरी गणवेश शिवणारे कारखानेही तिथे बरेच आहेत. अशाच एखाद्या कारखान्यात एकाच आठवड्यात दोन ऑर्डरी आल्या असं धरू. शाळेसाठी टेरिकॉटचे ६०० शर्ट आणि एका हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसाठी शुद्ध सुती कापडाचे २००. दोन्ही लॉट त्याच वाटेनं जाणार: कटिंग, शिलाई, काज-बटन, आणि शेवटी इस्त्री-पॅकिंग. यातला एक शर्ट मालकाला नेमका कितीला पडला?

पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. टेरिकॉटच्या शर्टाला कापड, बटणं, धागा, कॉलरचं कॅनव्हास असा १८० रुपयांचा माल लागतो, तर सुती शर्टाला ४३० रुपयांचा. हा हिशेब सोपा आहे, कारण कापडाचं बिल हातात असतं आणि कुठला तागा कुठल्या लॉटला गेला हे स्टोअरच्या वहीत दिसतं. अडचण येते ती घडणावळीची, म्हणजे कारागिरांची मजुरी, वीज, मशीनची घसारा-दुरुस्ती, भाडं, सुपरवायझरचा पगार यांची. सकाळी टेरिकॉट आणि दुपारी सुती शिवणाऱ्या मशीनची वीज कोणत्या शर्टाची म्हणायची?

बरेच जण यावर कापडाच्या किमतीवर ठरावीक टक्के चढवून मोकळे होतात. दोन्ही लॉटमध्ये मिळून माल १ लाख ९४ हजारांचा आणि घडणावळ ६० हजारांची असेल, तर मालावर साधारण ३१ टक्के चढतात. मग टेरिकॉटचा शर्ट २३६ रुपयांना पडलेला दिसतो आणि सुती ५६३ रुपयांना. कागदावर बेरीज बरोबर जुळते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण सुई दोन्ही शर्टांवर सारखीच चालली आहे. कापड महाग म्हणून तिनं जास्त टाके घातलेले नाहीत.

ऑपरेशन कॉस्टिंगची पद्धत इथे उपयोगी पडते. माल ज्या लॉटचा त्याच्या खात्यावर, आणि घडणावळ मात्र प्रत्येक टप्प्याच्या दरानं, कापड न बघता. आपल्या कारखान्यात वर्षाला ९६ हजार शर्ट होतात आणि घडणावळीचा वर्षाचा खर्च ७२ लाख आहे, असं धरू. तो टप्प्यांत वाटला, तर एका शर्टामागे कटिंगला ८ रुपये, शिलाईला ५०, काज-बटनाला ५ आणि इस्त्री-पॅकिंगला १२ असे एकूण ७५ रुपये येतात. टेरिकॉटचा शर्ट पडला २५५ रुपयांना आणि सुती ५०५ रुपयांना. हॉटेलच्या शर्टावर खिशापाशी नावाचं भरतकाम करायचं ठरलं, तर त्या टप्प्याचा दर फक्त त्याच लॉटला लागेल. शाळेचा लॉट त्या मशीनवर गेलाच नाही, त्यामुळे त्याला त्याची झळ नाही.

आता दोन्ही पद्धतींनी दहा टक्के नफा धरून भाव सांगू. टक्क्यांच्या हिशेबानं शाळेला २६० रुपये सांगितले जातात आणि खरे सुटतात जेमतेम पाच रुपये. हॉटेलला ६१९ सांगितले जातात, तिथे ५५५ मध्येही मालकाचं भागलं असतं. शाळा आनंदानं ऑर्डर देते, हॉटेल दुसरीकडे जातं. असं दोन वर्षं चाललं की कारखाना स्वस्त कापडाच्या कामानं भरून जातो, मशीनला उसंत नसते आणि गल्ल्यात पैसा दिसत नाही. दोष मग शाळांच्या घासाघिशीला दिला जातो.

दर वर्षाचा का धरायचा, महिन्याचा का नाही, हे गणवेशवाल्यांना वेगळं सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्रपाळी चालते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात निम्मी मशीनं झाकलेली असतात. भाडं आणि कायम माणसांचे पगार मात्र बाराही महिने तेच. महिन्यापुरता हिशेब केला तर मे महिन्यातला शर्ट स्वस्त आणि सप्टेंबरातला महाग ठरेल, आणि मंदीत भाव वाढवून सांगितल्यानं उरलीसुरली ऑर्डरही जाईल. हिशेबतपासनीस वापरतात त्या लेखा मानक क्रमांक २ मध्येही हेच तत्त्व आहे. उत्पादनाचा स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा आणि काम कमी झाल्यामुळे न वाटला गेलेला भाग त्या काळाचा खर्च म्हणून लिहायचा, मालाच्या किमतीत घुसडायचा नाही.

अर्धवट लॉटचाही प्रश्न याच दरांनी सुटतो. मार्चअखेरीस सुती लॉट कटिंग होऊन शिलाईच्या निम्म्यावर असेल, तर एका शर्टात ४३० रुपयांचा माल, ८ रुपयांचं कटिंग आणि २५ रुपयांची शिलाई मुरली आहे. ४६३ रुपयांप्रमाणे २०० शर्टांचे ९२,६०० रुपये साठ्यात लिहायचे. त्यासाठी लॉटबरोबर फिरणाऱ्या कार्डावर प्रत्येक टप्प्याची खूण वेळच्या वेळी झाली पाहिजे, आणि हे सांगण्याइतकं सोपं नसतं.

या पद्धतीचा कच्चा दुवा मला कटिंगमध्ये दिसतो. शिलाई शर्टागणिक होते, पण कटिंग थरागणिक होतं. मास्टर कागदावर मापं बसवतो, टेबलावर कापडाचे थर अंथरतो, आणि मग सुरी एकदम सगळ्या थरांतून फिरते. थर कमी असले म्हणून मापं बसवायचा वेळ कमी होत नाही. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर आपल्या कटिंग विभागाचा दिवस २,५६० रुपयांना पडतो. शाळेच्या लॉटला दीड दिवस लागला आणि हॉटेलच्या लॉटला एक, तर खरं कटिंग शाळेच्या शर्टाला ६ रुपये ४० पैसे आणि हॉटेलच्या शर्टाला १२ रुपये ८० पैसे आलं. पाचशेच्या शर्टात हा फरक पोटात घालता येईल. पण कुणी पन्नासच शर्ट मागितले आणि मास्टरचा अर्धा दिवस गेला, तर कटिंग २५ रुपयांच्या वर जातं आणि वहीत मात्र ८ च रुपये दिसतात. म्हणून कटिंगचा दर नगावर न ठेवता टेबलाच्या वेळेवर ठेवणं बरं.

दुसरी फसगत ‘टप्पे तेच’ या गृहीतकात आहे. टप्प्याचं नाव तेच असलं तरी काम तेच असेलच असं नाही. चौकड्याचं कापड आलं की खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळवाव्या लागतात, समोरची पट्टीही तशीच. साध्या शर्टाच्या शिलाईला २० मिनिटं लागत असतील, तर ५० रुपयांच्या दरात मिनिटाचा भाव अडीच रुपये झाला. चौकड्याच्या शर्टाला २४ मिनिटं लागली, तर त्याची शिलाई ६० रुपये धरायला हवी. अशा वेळी नगाचा दर सोडून मिनिटांचा दर वापरावा लागतो. गरज आहे की नाही हे कळायला संगणक लागत नाही. चौकड्याचा लॉट लावला की खिसे जोडणाऱ्या कारागिराच्या मशीनपुढे बंडलांचा ढीग साठतो आणि काज-बटनवाला रिकामा बसतो. तसं दिसलं, तर घड्याळ घेऊन दहा-बारा शर्टांची वेळ लिहून काढायची आणि त्या लॉटचा शिलाईचा दर वेगळा मांडायचा.