तिरप्या समीकरणाचे मुख्य अक्ष

x आणि y या दोन चलांमधल्या दुसऱ्या घाताच्या समीकरणाचा आलेख काढला की बहुधा लंबवर्तुळ, अन्वस्त किंवा अपास्त यांपैकी एक वक्र मिळतो. काही वेळा दोन रेषा किंवा एकच बिंदू मिळतो, तर काही वेळा काहीच मिळत नाही. समीकरण x²/9 + y²/4 = 1 असे असेल, तर लंबवर्तुळ ओळखायला क्षणही लागत नाही. मात्र पुढचे समीकरण पाहून तेवढ्या सहज काही सांगता येत नाही:

5x² − 4xy + 8y² − 6x − 12y − 27 = 0

खरे तर हेही तेच लंबवर्तुळ आहे, फक्त जागेवरून सरकवलेले आणि थोडे फिरवलेले. सरकवल्यामुळे x आणि y ही एकघाती पदे आली, तर फिरवल्यामुळे xy हे मिश्र पद आले. वक्र ओळखायचा म्हणजे या दोन्ही गोष्टी उलट दिशेने करायच्या. पहिली सोपी आहे. दुसरीसाठी मॅट्रिक्सचे कर्णीकरण लागते, आणि तेच तंत्र तीन चलांच्या पृष्ठांनाही जसेच्या तसे लागू पडते.

केंद्र शोधणे

लंबवर्तुळ आणि अपास्त आपापल्या केंद्राभोवती सममित असतात. आरंभबिंदू केंद्रावर नेला की एकघाती पदे नाहीशी होतात. केंद्र शोधण्यासाठी समीकरणाच्या डाव्या बाजूचे एकदा x च्या आणि एकदा y च्या सापेक्ष विकलन करून दोन्ही उत्तरे शून्य धरायची. वरच्या उदाहरणात 10x − 4y − 6 = 0 आणि −4x + 16y − 12 = 0 ही समीकरणे मिळतात. ती सोडवली की x = 1, y = 1 येते. म्हणजे केंद्र (1, 1). या बिंदूवर डाव्या बाजूची किंमत −36 भरते. X = x − 1 आणि Y = y − 1 असे नवे चल घेतले की समीकरण आटोपशीर होते:

5X² − 4XY + 8Y² = 36

सरकवण्याने दुसऱ्या घाताच्या पदांचे सहगुणक बदलत नाहीत. म्हणून वक्राचा प्रकार कोणता आणि तो किती तिरपा, हे या तीन पदांतच दडलेले असते. केवळ दुसऱ्या घाताच्या पदांच्या अशा बेरजेला वर्गरूप म्हणतात.

वर्गरूपाचे मॅट्रिक्स

वर्गरूपातले सहगुणक एका सममित मॅट्रिक्समध्ये मांडता येतात. वर्गपदांचे सहगुणक कर्णावर लिहायचे. मिश्र पदाचा सहगुणक निम्मा करून कर्णाच्या दोन्ही बाजूंना लिहायचा, कारण XY आणि YX मिळून ते एकच पद होते:

A = [ 5  −2 ]
    [ −2  8 ]

आता ज्या दिशेने जाणाऱ्या सदिशाला A ने गुणले तरी त्याची दिशारेषा बदलत नाही, फक्त लांबी λ पट होते, अशी दिशा शोधायची. त्या λ ला आयगेन मूल्य आणि त्या सदिशाला आयगेन सदिश म्हणतात. दोन-बाय-दोन मॅट्रिक्ससाठी आयगेन मूल्यांची बेरीज कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेएवढी असते आणि गुणाकार निश्चयकाएवढा असतो. येथे बेरीज 13 आणि निश्चयक 5 × 8 − (−2)(−2) = 36 आहे. म्हणून

λ² − 13λ + 36 = 0

आणि त्यावरून λ = 4 किंवा λ = 9. पहिल्या मूल्यासाठी दिशा (2, 1) येते, दुसऱ्यासाठी (−1, 2). या दोन दिशा एकमेकींना लंब आहेत, आणि हा योगायोग नाही. वास्तव संख्यांच्या सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये नेहमी वास्तव असतात आणि वेगवेगळ्या मूल्यांच्या दिशा नेहमी काटकोनात असतात. फ्रेंच गणिती कोशी यांनी ग्रहांच्या कक्षांमधील दीर्घकालीन बदलांशी निगडित समीकरणांचा अभ्यास करताना १८२९ मध्ये या मूल्यांचे वास्तवपण सिद्ध केले.

दोन्ही दिशांच्या सदिशांची लांबी 1 करून घ्यायची, म्हणजे √5 ने भागायचे. मग u = (2X + Y)/√5 आणि v = (−X + 2Y)/√5 हे फिरवलेल्या अक्षांवरचे नवे निर्देशक होतात. त्यांत लिहिल्यावर मिश्र पद उरत नाही:

4u² + 9v² = 36, म्हणजेच u²/9 + v²/4 = 1

आता सगळे उघड वाचता येते. वक्र लंबवर्तुळ आहे, त्याचे केंद्र (1, 1) आहे आणि अर्धअक्ष 3 व 2 आहेत. मोठा अक्ष (2, 1) या दिशेने, म्हणजे x-अक्षाशी सुमारे 26.6 अंशांचा कोन करून जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लांब अक्ष लहान आयगेन मूल्याचा असतो. त्या दिशेने वर्गरूपाची किंमत सावकाश वाढते, म्हणून 36 पर्यंत पोहोचायला जास्त अंतर कापावे लागते.

चुका कुठे होतात

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मिश्र पदाचा सहगुणक निम्मा न करणे. वरच्या उदाहरणात −2 ऐवजी −4 लिहिले, तर आयगेन मूल्ये सुमारे 2.23 आणि 10.77 येतात. दोन्ही धन असल्याने उत्तर अजूनही लंबवर्तुळच दिसते, पण अर्धअक्ष सुमारे 4.02 आणि 1.83 होतात. उत्तराचा प्रकार बरोबर असल्यामुळे ही चूक लपून राहते. दुसरी चूक सदिशांची लांबी 1 न करण्याची. तिच्यामुळे दिशा बिघडत नाहीत, पण लांब्या चुकतात.

दोन्ही चुका एकाच तपासणीत सापडतात. मोठ्या अक्षाचे टोक काढायचे आणि ते मूळ समीकरणात घालून पाहायचे. येथे केंद्रापासून त्या टोकापर्यंत X = 6/√5 आणि Y = 3/√5 आहेत. त्यांवरून 5X² = 36, −4XY = −14.4 आणि 8Y² = 14.4 मिळते. बेरीज बरोबर 36 येते, म्हणजे टोक वक्रावरच आहे.

चिन्हे आणि लांब्या

केवळ प्रकार जाणून घ्यायचा असेल, तर आयगेन मूल्ये काढायचीही गरज नसते. वर्ग पूर्ण करण्याच्या शालेय रीतीने 5X² − 4XY + 8Y² हे 5(X − 0.4Y)² + 7.2Y² असे लिहिता येते. दोन्ही सहगुणक धन आहेत, म्हणून वक्र लंबवर्तुळ. मात्र 5 आणि 7.2 ही आयगेन मूल्ये नव्हेत, आणि या रीतीत मिळणारे नवे अक्ष एकमेकांना लंब नसतात. त्यामुळे खऱ्या अक्षांची दिशा आणि लांबी त्यांवरून कळत नाही.

वर्गरूप कोणत्याही मार्गाने वर्गांच्या बेरजेत आणले, तरी धन, ऋण आणि शून्य सहगुणकांची संख्या बदलत नाही. इंग्लिश गणिती सिल्व्हेस्टर यांनी हा नियम १८५२ मध्ये मांडला. प्रकार ठरतो तो या मोजणीने. दोन चलांत दोन्ही चिन्हे सारखी असली की लंबवर्तुळ आणि वेगळी असली की अपास्त, अर्थात उजवीकडे योग्य स्थिरपद असेल तरच. उजवीकडे 36 ऐवजी 0 असते, तर लंबवर्तुळाचा एकच बिंदू उरला असता. −36 असते, तर एकही बिंदू मिळाला नसता.

शून्य आयगेन मूल्य

एक आयगेन मूल्य शून्य असेल, तर केंद्राची समीकरणे एक तर सुटत नाहीत किंवा त्यांना असंख्य उत्तरे असतात. (x + y)² + 4x − 4y = 0 हे समीकरण घेतले, तर आयगेन मूल्ये 2 आणि 0 येतात. u = (x + y)/√2 आणि v = (y − x)/√2 घातल्यावर u² = 2√2 v हे अन्वस्त मिळते. शून्य मूल्याच्या दिशेने एकघाती पद शिल्लक राहते आणि तेच अन्वस्ताचा अक्ष ठरवते. पण समीकरण (x + y)² − 4(x + y) = 0 असे असेल, तर त्या दिशेने काहीच उरत नाही. वक्राऐवजी x + y = 0 आणि x + y = 4 या दोन समांतर रेषा मिळतात.

मोजमापांतून आलेल्या सहगुणकांबाबत शून्य हा निकष नाजूक ठरतो. x² + 2xy + y² मधला शेवटचा सहगुणक 1.001 झाला, तर लहान आयगेन मूल्य सुमारे 0.0005 होते. मग मिळणारे लंबवर्तुळ रुंदीच्या सुमारे 63 पट लांब असते. 0.999 झाला तर तोच वक्र अपास्त होतो. मोजमापात तेवढी चूक संभवत असेल, तर अन्वस्त, लंबवर्तुळ की अपास्त हे केवळ गणिताने ठरवता येत नाही.

तीन चलांची पृष्ठे

तीन चलांच्या पृष्ठांचे पद्धतशीर वर्गीकरण ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या ग्रंथात केले होते. मॅट्रिक्सच्या भाषेत ते काम वरच्याच पायऱ्यांनी होते, फक्त आयगेन मूल्ये तीन येतात. उदाहरणार्थ, xy + yz + zx = k. यात वर्गपदे नाहीतच, म्हणून मॅट्रिक्सच्या कर्णावर तिन्ही ठिकाणी 0 आणि इतरत्र 1/2 येते. सदिश (1, 1, 1) ला या मॅट्रिक्सने गुणले की तो जसाच्या तसा मिळतो, म्हणजे एक आयगेन मूल्य 1. कर्णाची बेरीज 0 असल्यामुळे उरलेल्या दोन मूल्यांची बेरीज −1 हवी. (1, 1, 1) ला लंब असलेला कोणताही सदिश तपासला की दोन्ही मूल्ये −1/2 असल्याचे कळते. म्हणून समीकरण होते:

u² − (v² + w²)/2 = k

दोन मूल्ये समान असल्याने पृष्ठ (1, 1, 1) या अक्षाभोवती गोल आहे. त्याला लंब असलेल्या प्रतलात कोणत्याही दोन परस्परलंब दिशा मुख्य अक्ष म्हणून चालतात. k = 1 असेल, तर एकमेकांपासून अलग असलेल्या दोन वाट्यांचे द्विखंडी हायपरबोलॉइड मिळते. k = −1 असेल, तर मध्ये बारीक होणारे सलग, एकखंडी हायपरबोलॉइड मिळते आणि त्याच्या कमरेची त्रिज्या √2 असते. औष्णिक वीज केंद्रांच्या मोठ्या शीतक मनोऱ्यांना सहसा असाच आकार दिलेला असतो. k = 0 ही या दोहोंमधली सीमा, आणि तेथे शंकू मिळतो.

या शंकूवर उत्तराची पडताळणीही होते. u² = (v² + w²)/2 यावरून शंकूच्या अक्ष आणि बाजू यांमधला कोन सुमारे 54.7 अंश येतो. दुसरीकडे, x-अक्षावरच्या बिंदूंसाठी y आणि z शून्य असल्याने xy + yz + zx = 0 हे समीकरण आपोआप पुरे होते, म्हणजे तिन्ही निर्देशक अक्ष शंकूवरच असले पाहिजेत. (1, 1, 1) ही दिशा आणि x-अक्ष यांच्यातल्या कोनाचा कोसाइन 1/√3, म्हणजे कोन तोच, सुमारे 54.7 अंश. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे जुळतात.