डाळिंबाच्या रसातला निळा थेंब

लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व किती, हे शोधण्याचा प्रयोग अकरावी-बारावीच्या मुलांनाही जमतो. शंकूपात्रात रस, त्यात थोडं पाणी आणि स्टार्चचं पातळ द्रावण घ्यायचं. वर ब्युरेटमध्ये आयोडीन भरायचं. थेंब पडला की जिथे पडला तिथे निळा ठिपका उमटतो आणि पात्र हलवताच तो नाहीसा होतो. क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल; ते आयोडीनला लगेच आयोडाइड करून टाकतं, आणि आयोडाइडला स्टार्च काही रंग देत नाही. एक रेणू आम्ल एक रेणू आयोडीन संपवतं, हिशेब इतका सरळ. आम्ल संपलं की पुढच्या थेंबातलं आयोडीन मोकळं राहतं, स्टार्चला धरतं आणि सगळं पात्र निळं होतं. तिथे तोटी बंद करून रीडिंग घ्यायचं.

हे जीवनसत्त्व सापडलं त्यातही असाच हरवलेला निळा रंग होता. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-जॉर्जी वनस्पतींमधलं पेरॉक्सिडेज हे विकर अभ्यासत होते. बेंझिडीनबरोबर त्याचा निळा रंग एरवी तत्काळ येई, पण शुद्ध विकराऐवजी वनस्पतीचा नुसता पिळलेला रस घेतला की तो क्षणभर उशिरा येई. त्या क्षणात रसातलं काहीतरी रंग परतवत होतं. ते काहीतरी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. ब्युरेटखाली आपण तोच उशीर मोजतो, फक्त सेकंदांऐवजी मिलिलिटरमध्ये.

आयोडीनचं द्रावण आधी तपासून घ्यावं लागतं. साधारण 1.3 ग्रॅम आयोडीन आणि 4 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात घोटून पूर्ण विरघळवायचं आणि मग एक लिटर करायचं. आयोडीन उडून जातं, म्हणून वजनावर भरवसा ठेवायचा नाही. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल 250 मिलिग्रॅम घेऊन 250 मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम होतं. त्याच्या 20 मिलिलिटरला समजा 22.9 मिलिलिटर आयोडीन लागलं, तर एक मिलिलिटर आयोडीन म्हणजे 0.87 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. याच आयोडीनने 10 मिलिलिटर लिंबूरसाला 4.6 मिलिलिटर लागले, तर त्यात 4 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिलिटरला 40. लिंबाच्या बाबतीत हा आकडा पटण्यासारखा आहे.

आता लिंबाच्या जागी भगव्या डाळिंबाचा रस घ्या.

पहिली अडचण अशी की डाळिंबात क जीवनसत्त्व लिंबाच्या मानाने थोडं, 100 ग्रॅमला साधारण 10 मिलिग्रॅम. दहा मिलिलिटर रसात जेमतेम एक. वरचं आयोडीन वापरलं तर सव्वा मिलिलिटरच्या आत खेळ आटोपतो आणि एका थेंबाची चूकही जड जाते. म्हणून ते पाचपट पातळ करून, त्याच दिवशी वापरायचं. अशा आयोडीनचा एक मिलिलिटर म्हणजे 0.175 मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम शुद्ध आम्लाला ते 5.7 मिलिलिटर लागलं पाहिजे. तेवढं लागतं का, हे आधी बघून घ्यावं.

दुसरी अडचण खरी. रस माणकासारखा लाल. त्यात निळा मिसळला की जांभळट, मग तपकिरी, मग काळपट. एकाच पात्राकडे बघून एक विद्यार्थी 6 वर थांबतो, दुसरा 8 वर, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. त्यांचा दोष नाही. हळूहळू गडद होत जाणाऱ्या रंगातली पायरी डोळ्याला पकडता येत नाही.

अशा वेळी जवळजवळ प्रत्येकाला कोळसा आठवतो. साखर पांढरी करायला, रंग काढायला सक्रिय कोळसा वापरतात, हे पुस्तकात वाचलेलं असतं. मीही पहिल्यांदा तेच केलं. चमचाभर कोळसा रसात घालून हलवला, गाळला, आणि गाळणकागदाखाली पाण्यासारखा स्वच्छ रस जमला. स्टार्च घातला, तोटी उघडली आणि पहिल्या दोन-तीन थेंबांतच पात्र निळं! अंत्यबिंदू इतका सुरेख होता की क्षणभर वाटलं, या डाळिंबात क जीवनसत्त्व नाहीच.

खातरजमा करायला रसाऐवजी माहीत असलेलं द्रावण घेतलं. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, एक मिलिग्रॅम, तसाच कोळसा, तशीच गाळणी. पुन्हा पहिल्या थेंबांत निळं. घातलेलं आम्ल गेलं कुठे? कोळशाच्या पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल झालं होतं. ते शरीरात जीवनसत्त्वाचंच काम करतं, पण आयोडीनला ते दिसत नाही. क जीवनसत्त्व मोजण्याच्या एका प्रतिदीप्ती-पद्धतीत कोळसा मुद्दाम घालतात, तो याच कामासाठी, आम्लाचं ऑक्सिडीकरण व्हावं म्हणून! रंग घालवणारी वस्तू रसात घालायची असेल तर ती आधी शुद्ध आम्लात घालून बघायची, हे मी त्या दिवसापासून सोडलं नाही. सल्फाइटचंही तसंच. डाळिंबाचा लाल रंग ते झटक्यात उडवतं, पण स्वतःच आयोडीन खातं, म्हणजे इथे चूक उलट्या बाजूला. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलेल्या बाटलीबंद सरबताला आयोडीन अवाच्या सवा लागतं, ते त्यामुळेच.

मग रंगाचं करायचं काय? साधा उपाय आधी करावा. दोन सारखी पात्रं, दोन्हीत सारखा रस, सारखं पाणी आणि स्टार्च, खाली पांढरी फरशी. आयोडीन एकातच सोडायचं, दुसऱ्यात तितकंच पाणी. नजर एका पात्राच्या बदलाकडे न ठेवता दोघांमधल्या फरकाकडे ठेवायची. पिवळसर संत्र्याला, फिक्या द्राक्षाला एवढं पुरतं. रस आणखी पातळ करावासा वाटतो, पण त्याला मर्यादा आहे: निळा दिसायलाही थोडं मोकळं आयोडीन लागतं आणि पाणी वाढेल तसं ते जास्त लागतं. म्हणून नुसत्या पाण्याचं कोरं रीडिंग घेऊन ते वजा करावं लागतं.

डाळिंब, जांभूळ, कोकम यांचा लाल रंग अँथोसायनिनचा. तो आम्लात गडद असतो आणि पीएच साडेचारच्या आसपास फिका पडतो. थोडं सोडियम अ‍ॅसिटेट घातलं की डाळिंबाचा रस डोळ्यांदेखत फिकट होतो. हा उपाय फार मोहक आहे, तरी मी जपून वापरते. डाळिंबात टॅनिनसारखे पॉलिफिनॉल भरपूर असतात आणि आम्लता उतरली की तेही आयोडीनशी अधिक वेगाने झटायला लागतात. (बीटाचा रंग या युक्तीला दादच देत नाही, कारण तो अँथोसायनिनचा नसतो.)

मला सर्वांत भरवशाची वाटते ती वेगळी वाट: रसातला रंग तसाच ठेवायचा आणि आयोडीनलाच त्यातून बाहेर काढायचं. स्टार्च घालायचा नाही. बुच असलेल्या बाटलीत 10 मिलिलिटर रस, 40 मिलिलिटर पाणी, थोडं पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि 5 मिलिलिटर क्लोरोफॉर्म घ्यायचं. क्लोरोफॉर्म जड, तळाशी बसतं. अँथोसायनिन पाण्यातलं, ते खाली उतरत नाही. आयोडीनला मात्र पाण्यापेक्षा क्लोरोफॉर्म फार प्रिय. आयोडीन सोडायचं, बुच लावून हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे. जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर वर माणिक आणि खाली काचेसारखा स्वच्छ थेंब. संपलं की खालचा थर गुलाबी-जांभळा होतो. वरच्या लालीचा त्या खिडकीशी काही संबंध उरत नाही. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं आणि क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतायचं नाही.

यातही बिघडतं. रस मिक्सरमधून काढला असेल तर गराचा फेस होऊन खालचा थर दुधाळ राहतो. दाणे कापडातून हाताने पिळावेत, म्हणजे हवाही कमी मिसळते. तांब्या-पितळेचं भांडं नको, तांब्याच्या अंशानेही हे आम्ल झपाट्याने जातं. आणि शेवटी आलेली गुलाबी छटा मिनिटभरात पुन्हा फिकी होते. नवख्याला वाटतं अजून जीवनसत्त्व आहे, आणि तो थेंब सोडत राहतो. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असा वेळ लावत नाही, ते क्षणात झटतं. सावकाश आयोडीन खातात ते पॉलिफिनॉल. म्हणून छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं, असं ठरवून घ्यावं आणि दर वेळी तेच पाळावं.

एक नमुना आकड्यांसह बघू. रसाला 6.9 मिलिलिटर लागले, कोरं रीडिंग 0.2, उरले 6.7. आता त्याच रसाच्या दुसऱ्या 10 मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम शुद्ध आम्ल घालून पुन्हा मोजलं, 12.5 आले. वाढ 5.6 ची, अपेक्षित 5.7. म्हणजे घातलेलं आम्ल हरवत नाही आणि अंत्यबिंदूही खरा दिसतो. कोळशाची पद्धत या परीक्षेत तिथल्या तिथे नापास झाली असती. हिशेबाने 6.7 गुणिले 0.175 म्हणजे 1.17 मिलिग्रॅम, 100 मिलिलिटरला 11.7.

पण हे सगळं क जीवनसत्त्वच आहे का? ते या परीक्षेतून कळत नाही, कारण पॉलिफिनॉलचा वाटा दोन्ही वेळा सारखाच धरला गेला. त्यासाठी मी काकडी वापरते. काकडीत अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज असतं, क जीवनसत्त्व नेमकं पकडून त्याचं ऑक्सिडीकरण करणारं विकर. डाळिंबाच्या आंबटपणात ते काम करत नाही, म्हणून इथे सोडियम अ‍ॅसिटेट उपयोगी पडतं. ते घालून ताज्या काकडीचा गाळलेला रस थोडा मिसळायचा, उथळ पात्रात अर्धा तास मधूनमधून हलवायचं, मग पुन्हा आम्ल घालून आधीसारखंच मोजायचं. तेवढाच काकडीचा रस नुसत्या पाण्यात घेऊन त्याचं रीडिंग वजा करायचं, आणि एक मिलिग्रॅम शुद्ध आम्ल या उपचाराने खरंच संपतं का, हेही बघायचं.

समजा अजून 1.1 मिलिलिटर लागले. एवढा वाटा इतर पदार्थांचा. राहिले 5.6, म्हणजे 0.98 मिलिग्रॅम, 100 मिलिलिटरला 9.8. काकडीतली दुसरी विकरं थोड्याफार पॉलिफिनॉललाही हात लावतात, त्यामुळे इतरांचा वाटा प्रत्यक्षात 1.1 हून थोडा जास्तच असू शकतो. म्हणून वहीत मी दोन्ही आकडे लिहिते: एकूण 11.7, काकडीनंतर 9.8, आणि शेजारी रस पिळल्याची वेळ, कारण डीहायड्रो झालेला भाग या दोन्हींत धरलेला नसतो आणि उघड्या भांड्यात तो तासागणिक वाढत जातो.