मंगळवारी दुपारी एकपर्यंत कळवा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. बी.एस्सी. केमिस्ट्री, तीन वर्षांचा अनुभव, पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन. कुरकुंभच्या एका कारखान्यातल्या जागेसाठी तिने अर्ज केला आहे. सोमवारी सकाळी ११.४० ला तिला रिक्रूटरची मेल येते. मजकूर असा: तांत्रिक फेरी, व्हिडिओ कॉलवर, ४५ मिनिटं. समोर विभागाचे मॅनेजर आणि एचआर. वेळा तीन: बुधवारी १०.३०, बुधवारी ४ किंवा शुक्रवारी ११.३०. सोबत बायोडाटा, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फोटो ओळखपत्र पाठवा. मंगळवारी दुपारी एकपर्यंत कळवा.

मेल पाच-सहा ओळींचीच आहे. मात्र ती नीट वाचली नाही, तर ही संधी मुलाखतीआधीच निसटू शकते. उमेदवारांच्या आणि मॅनेजरांच्या वेळा जुळवण्याचं काम मी केलं आहे. उत्तर आलं नाही, उशिरा आलं किंवा अर्धवट आलं म्हणून यादीत मागे पडलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत.

सगळ्यात आधी मुदतीकडे बघा. प्रयोगशाळेत मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे सकाळची मेल ही मुलगी वाचणार दुपारी पावणेचारला. मंगळवारी ती पुन्हा सातला आत जाणार आणि साडेतीनला बाहेर येणार. म्हणजे एक वाजण्याची वेळ ती आत असतानाच उलटून जाणार. मेलमध्ये मंगळवार दुपार लिहिलेली असली, तरी तिच्यासाठी खरी मुदत सोमवारची रात्र आहे. पाळीत काम करणाऱ्यांनी, परीक्षेला बसलेल्यांनी, रेंज नसलेल्या साइटवर असणाऱ्यांनी असा हिशोब मेल वाचल्या वाचल्या करायला हवा.

ही मुदत रिक्रूटर मनाला येईल तशी ठरवत नाही. मॅनेजरकडून त्याने आठवड्यातले मोजके तास मागून घेतलेले असतात. मंगळवारी दुपारी नावं पक्की झाली, तरच संध्याकाळपर्यंत सगळ्यांना निमंत्रण जातं. कोणी कळवलं नाही, तर मॅनेजर तो तास दुसऱ्या बैठकीला देऊन टाकतात आणि तो परत मिळवणं कठीण असतं. म्हणून मुदतीत निर्णय होणार नसेल, तर मुदत संपण्याआधी दोन ओळी लिहाव्यात: मेल मिळाली, पाळी बदलून मिळते का ते विचारते आहे, उद्या सकाळी सातच्या आत पक्कं सांगते. एवढ्यावर रिक्रूटर बहुतेक वेळा थांबतो. मुदत टळल्यानंतर आलेल्या माफीच्या लांब मेलचा त्याला फारसा उपयोग नसतो.

आता वेळांबद्दल. मेलमधल्या तीन वेळा फक्त तिच्यासाठी राखून ठेवलेल्या नसतात. त्याच वेळा आणखी चार-पाच जणांना गेलेल्या असतात आणि बहुधा जो आधी कळवेल त्याला मिळतात. म्हणून एकच वेळ कळवणं धोक्याचं असतं. ती गेलेली असेल, तर पुन्हा मेलामेली होते आणि तोवर बाकीच्याही भरतात. ‘कोणतीही वेळ चालेल’ हे उत्तर सौजन्याचं वाटतं, पण ते त्याहून वाईट. उरलेली वेळ, म्हणजे कदाचित बुधवारची साडेदहाची, तिच्या नावावर टाकली जाईल आणि तेव्हा ती प्रयोगशाळेत असेल.

बुधवारी चारची वेळ पहिल्या नजरेला सोयीची वाटते, कारण पाळी साडेतीनला सुटते. पण गेटवरची तपासणी, मोबाइल परत घेणं आणि कंपनीची बस धरली, तर घरी पोचायला सव्वाचार होणार. म्हणजे मुलाखतीची सुरुवात बसमध्ये, हॉर्नच्या आवाजात. शुक्रवारी मात्र एखाद्या सहकाऱ्याशी पाळी बदलून तिने दुसरी पाळी घेतली, तर सकाळ मोकळी मिळते. ती सोमवारी संध्याकाळी सहकाऱ्याला आणि सुपरवायझरला फोन करते आणि रात्री आलेल्या मेललाच उत्तर देते. पहिली पसंती शुक्रवार ११.३०. ती नसेल, तर बुधवारी संध्याकाळी, पण साडेचारपासून बसू शकेन. मंगळवारी सात ते साडेतीन फोन जवळ नसेल, त्यानंतर बोलू शकते. शेवटचं वाक्य अनेक जण लिहीत नाहीत. मग रिक्रूटर दुपारी फोन करतो, फोन उचलला जात नाही, आणि या उमेदवाराला रस दिसत नाही असा त्याचा समज होतो.

नवी मेल न काढता त्याच मेलला उत्तर द्यायचं, कारण जागेचा क्रमांक आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार तिथेच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असलं, तरी मेलवर पुन्हा लिहावं.

कागदपत्रांत मी पाहिलेल्या अडचणी साध्याच, पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या आहेत. सॅलरी स्लिपच्या पीडीएफला पासवर्ड असतो आणि तो द्यायचं राहून जातं. पासवर्ड बऱ्याचदा पॅन किंवा जन्मतारखेवरून केलेला असल्याने तो मेलमध्ये लिहिण्यापेक्षा ती फाइल उघडून पासवर्डविना प्रत तयार करावी. स्लिपवरची रुजू झाल्याची तारीख बायोडाट्यातल्या तारखेशी जुळते का, हे पाठवण्याआधी बघावं. समोरचा माणूस ते ताडून पाहणारच असतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास होते: गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. त्याबद्दल एक वाक्य आधीच लिहावं आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितल्यास देऊ असं सांगावं. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचं असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते आणि ओळखीपुरती या टप्प्यावर पुरते.

या टप्प्यावर काय लागत नाही, हेही माहीत असायला हवं. बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला धनादेश, ओटीपी यांचा मुलाखतीशी काहीही संबंध नाही. मुलाखतीची वेळ राखण्यासाठी किंवा ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ती मेल फसवणुकीची समजावी, मग त्यावर कितीही मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह असो. आपण त्या जागेसाठी अर्ज केला होता का आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ नंतर काय आहे, हे बघावं. शंका आली, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून तिथे विचारावं, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तातडीने फोन करावा, कारण जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मेलमधल्या ‘तांत्रिक फेरी’ या दोन शब्दांवरून तयारीची दिशा कळते. समोर विभागाचे मॅनेजर आहेत, तेव्हा एखाद्या नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आला तर पहिल्या तासात काय कराल, असा प्रश्न येण्याची शक्यता मोठी. आधी उपकरण आणि आपली कृती तपासायची, नमुना टाकून द्यायचा नाही, वरिष्ठांना कळवायचं, आणि कारण सापडल्याशिवाय मनानेच पुन्हा चाचणी करून चांगला निकाल लिहायचा नाही. हे तिने प्रत्यक्ष केलेल्या एखाद्या प्रकरणातून सांगता यायला हवं. पगाराचं बोलणं एचआरकडून निघेल, म्हणून नोटीस पीरियड किती आणि आताचा पगार किती, हे आकडे समोर लिहून ठेवावेत.

मंगळवारी संध्याकाळी कॅलेंडरचं निमंत्रण येतं: शुक्रवार ११.३०. ते स्वीकारल्याचं बटण दाबायचं, कारण रिक्रूटर तेही पाहतो. निमंत्रण बुधवारी सकाळपर्यंत आलं नाही, तर स्पॅममध्ये शोधायचं आणि तिथेही नसेल, तर त्याच मेलवर विचारायचं. आणि सुपरवायझरने गुरुवारी पाळी बदलून द्यायला नकार दिला, तर शुक्रवारच्या सकाळची वाट न पाहता त्याच संध्याकाळी कळवायचं, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येते आणि तिलाही पुढच्या आठवड्यातली वेळ मागायला तोंड राहतं.