उलटलेले पट्टे, न पुसता येणारा पृष्ठभाग

उज्जैनहून साधारण ५५ किलोमीटरवर, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हा सिंक्रोट्रॉन आहे. २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यात फिरतात आणि त्यांच्यातून निघणारा प्रकाश स्फटिकांच्या तपासणीसाठी वापरला जातो. असा प्रकाश स्फटिकावर पाडायचा आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व कोन मोजायचा, हे कोन-विभेदी प्रकाश-उत्सर्जनाचे तंत्र. याच तंत्राने २००९ मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाने बिस्मथ सेलेनाइडच्या (Bi₂Se₃) पृष्ठभागावर ऊर्जा-संवेगाचा एकच शंकू दाखवला. आतून सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचे ऊर्जा-अंतर असलेल्या या पदार्थाच्या पृष्ठभागावर मात्र अंतर नव्हते.

याचे कारण स्फटिकाच्या अंतर्भागात आहे. बिस्मथ आणि सेलेनियमचे पाच-पाच अणुस्तर मिळून एकेक थर बनतो. फर्मी पातळीजवळच्या अवस्था p कक्षांपासून येतात. रासायनिक बंधामुळे बिस्मथप्रधान अवस्था वर आणि सेलेनियमप्रधान अवस्था खाली राहतात. थरांची रचना एका दिशेने वेगळी असल्याने p_z कक्षा p_x आणि p_y पासून अलग होते. स्फटिकाला व्युत्क्रम-केंद्र असल्यामुळे संवेग-अवकाशाच्या मध्यबिंदूवर, म्हणजे Γ वर, प्रत्येक अवस्थेला निश्चित पॅरिटी असते. इथवर संवाहन पट्ट्याच्या तळाशी बिस्मथची सम पॅरिटीची p_z अवस्था आहे आणि संयुजा पट्ट्याच्या माथ्यावर सेलेनियमची विषम पॅरिटीची. हा साधा अर्धवाहक झाला.

आता स्पिन-कक्षा युग्मन घ्या. ते p_z ची वर-स्पिन अवस्था p_x + i p_y च्या खाली-स्पिन अवस्थेत मिसळते. मिसळलेल्या पातळ्या एकमेकींना दूर ढकलतात. त्यामुळे बिस्मथची p_z पातळी खाली येते आणि सेलेनियमची वर जाते. शौ-चेंग झांग आणि सहकाऱ्यांनी गणनेत युग्मन शून्यापासून हळूहळू वाढवले, तेव्हा प्रत्यक्ष मूल्याच्या सुमारे ६० टक्क्यांवर Γ वरचे अंतर मिटले आणि पुढे पुन्हा उघडले. पुन्हा उघडताना सम आणि विषम अवस्थांनी जागा बदललेल्या होत्या. हाच पट्ट-व्युत्क्रम. त्याच रचनेत बिस्मथऐवजी हलका अँटिमनी घातला, तर युग्मन अपुरे पडते आणि गणनेतला पदार्थ साधाच राहतो.

फू आणि केन यांच्या नियमाप्रमाणे काल-प्रत्यावर्तनाखाली अचल राहणारे आठ बिंदू घ्यायचे आणि त्यांवरील भरलेल्या क्रेमर्स जोड्यांच्या पॅरिटींचा गुणाकार करायचा. इथे व्युत्क्रम एकट्या Γ वर होत असल्याने गुणाकाराचे चिन्ह एकदाच पालटते आणि उणे होते. निर्वात हा साधा इन्सुलेटर आहे. त्यामुळे स्फटिकाकडून निर्वाताकडे जाताना, काल-प्रत्यावर्तन सममिती टिकवून, अंतर कुठेतरी मिटावेच लागते. ती जागा म्हणजे पृष्ठभाग.

पृष्ठ-अवस्था टिकते ती क्रेमर्सच्या प्रमेयामुळे. पृष्ठभागाच्या अचल बिंदूंवर प्रत्येक पातळी दुहेरी असते आणि मधल्या संवेगांवर ती स्पिननुसार फुटते. टोपोलॉजिकल पदार्थात एका बिंदूवरचे जोडीदार पुढच्या बिंदूवर वेगवेगळ्या साथीदारांना जाऊन मिळतात. परिणामी पट्टे फर्मी पातळीला विषम वेळा छेदतात. पृष्ठभाग खडबडीत केला किंवा अचुंबकीय अशुद्धी घातली, तरी हे छेद जोडीजोडीनेच नाहीसे होऊ शकतात, म्हणून एक तरी उरतोच.

शिवाय इथे संवेग आणि स्पिन एकमेकांना बांधलेले असतात. संवेग उलटवायचा, तर स्पिनही उलटवावा लागतो. स्पिन डावीकडून अर्धे वळण घेऊन उलटला काय किंवा उजवीकडून, दोन्ही वाटांत एका पूर्ण फेरीचा फरक पडतो. अर्ध्या स्पिनसाठी त्या फेरीचे चिन्ह उणे असते. दोन्ही आयाम परस्परांना खोडतात आणि थेट परत फिरणे बंद होते. पण ही मनाई फक्त नेमक्या १८० अंशांपुरती आहे. इतर कोनांत विकीर्णन होतेच, त्यामुळे रोध शून्य नसतो. चुंबकीय अशुद्धीने काल-प्रत्यावर्तन सममिती मोडली, तर शंकूच्या टोकाशी अंतर उघडू शकते. पापुद्रा सहा थरांपेक्षा पातळ केला, तर वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि तिथेही अंतर दिसते.

प्रयोगशाळेत मात्र डोकेदुखी वेगळीच असते. स्फटिक वाढवताना सेलेनियम निसटतो, रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देतात आणि फर्मी पातळी संवाहन पट्ट्यात सरकते. मग तापमान उतरवताना नमुन्याचा रोध धातूसारखा घटतो आणि पृष्ठभागाचा वाटा अंतर्भागाच्या प्रवाहात बुडतो. दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी फोटॉनची ऊर्जा बदलून मोजमाप घ्यावे: अंतर्भागाचा पट्टा सरकतो, पृष्ठभागाचा शंकू जागेवर राहतो. ऊर्जा बदलता येणारा सिंक्रोट्रॉन प्रकाश इथे उपयोगी पडतो.

तेव्हा एखाद्या शोधनिबंधात 'टोपोलॉजिकल संवाहन' वाचले, की आधी फर्मी पातळी कुठे आहे ते पाहा. सममिती पृष्ठ-अवस्थेच्या अस्तित्वाची हमी देते. प्रवाह एकट्या तिच्यातूनच वाहतो, याची देत नाही.