माणूस माणसांमुळे माणूस होतो

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील झुलु लोकांच्या वस्तीत दोन माणसे वाटेवर भेटली, तर एक दुसऱ्यास ‘सावुबोना’ असे म्हणतो. हा तेथील रोजचा रामराम होय. शब्द फोडून पाहिला, तर त्याचा अर्थ ‘आम्ही तुला पाहिले’ असा निघतो. बोलणारा एकटाच असतो, तरी तो ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो. जणू त्याच्या पाठीमागे त्याचे सारे घरदार उभे आहे. या साध्या अभिवादनात आफ्रिकेतील एका जुन्या विचाराचे बीज आहे. त्या विचाराचे नाव ‘उबुन्टू’. तो ऐकावयास गोड वाटतो. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती खून, फाशी आणि क्षमा यांच्या प्रश्नांत. ती हकिगत आज सांगावयाची आहे. तत्पूर्वी शब्दाची थोडी ओळख करून घेऊ.

झुलु भाषेत नामाचे रूप त्याच्या आरंभीच्या अक्षरांनी बदलते. ‘न्टू’ हे मूळ. त्यापुढे ‘उमु’ लावले की ‘उमुन्टू’, म्हणजे एक माणूस. ‘आबा’ लावले की ‘आबान्टू’, म्हणजे पुष्कळ माणसे. आणि ‘उबु’ लावले की ‘उबुन्टू’, म्हणजे माणूसपण. आपल्या मराठीत हेच काम शब्दाच्या शेवटी होते: माणूस, माणसे, माणुसकी. तेव्हा ‘उबुन्टू’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द माणुसकी हाच. तथापि दोहोंत एक फरक आहे. माणुसकी म्हटले की आपल्या मनात बहुधा दया येते. भुकेल्याला भाकरी दिली, ही माणुसकी. उबुन्टूमध्ये दया आहेच, परंतु मूळ अर्थ याहून खोल आहे. माणूस म्हणून असणे म्हणजे काय, हा त्यातला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका म्हणीत आहे. झुलु लोक म्हणतात, ‘उमुन्टू न्गुमुन्टू न्गाबान्टू’. खोसा आणि सोथो या शेजारच्या भाषांतही हीच म्हण थोड्या फरकाने आढळते. तिचा अर्थ असा, की माणूस हा इतर माणसांमुळे माणूस असतो.

या म्हणीला दोन बाजू आहेत. पहिली बाजू घेण्याची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाजवळ शरीर असते, श्वास असतो. पण त्याचे नाव दुसऱ्यांनी ठेवलेले असते, त्याची भाषा दुसऱ्यांच्या तोंडून आलेली असते. ‘मी’ हा शब्ददेखील ते दुसऱ्यांकडूनच शिकते. दुसरी बाजू देण्याची, आणि नवशिके वाचक नेमकी तीच विसरतात. माणूसपण एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे ही म्हण मानीत नाही. तुम्ही इतरांशी जसे वागाल तसे ते वाढते अथवा घटते. म्हणूनच अत्यंत क्रूर वागणाऱ्याविषयी तेथील लोक ‘तो माणूस नव्हे’ असे म्हणतात. आपणही म्हणतो, ‘तो माणसांतून उठला.’

येथे खरी अडचण उभी राहते. जो माणसांतून उठला, त्याचे काय करावे? ‘त्याने आपले माणूसपण स्वतःच टाकले, आता त्याला जगण्याचा हक्क नाही,’ असे या म्हणीवरून कोणी म्हणेल. दुसरा उलट म्हणेल, ‘माणूसपण जर आम्ही एकमेकांस देत असू, तर त्याला माणसांत आणण्याचा भारही आमच्यावर आहे.’ एकाच म्हणीतून निघालेली ही दोन उत्तरे १९९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या सर्वांत नव्या न्यायालयापुढे उभी राहिली.

त्या देशात कातडीच्या रंगावरून माणसांची विभागणी करणारे राज्य दीर्घकाळ चालले. १९९४ साली सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्या संक्रमणासाठी १९९३ साली जी तात्पुरती राज्यघटना केली होती, तिच्या अखेरच्या भागात ‘उबुन्टू’ हा शब्द होता. सुडाऐवजी समजूत हवी आणि उट्टे काढण्याऐवजी नुकसानीची भरपाई हवी, अशा आशयाच्या वाक्यात तो आला होता.

त्याच सुमारास माक्वान्याने आणि म्चुनू या दोन आरोपींचा खटला नव्या घटना न्यायालयात आला. चार खुनांबद्दल ते दोषी ठरले होते आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांनी गुन्हा केला की नाही, हा प्रश्न उरलाच नव्हता. नव्या घटनेखाली सरकारला कोणासही फाशी देता येईल काय, एवढाच प्रश्न होता. तो चारशेच्या आसपास कैद्यांच्या प्राणांचा प्रश्न होता. कारण तितके लोक फाशीच्या शिक्षेची वाट पाहत तुरुंगात होते. देशात गुन्हे वाढले होते आणि बहुसंख्य लोकांना फाशी हवी आहे, हे न्यायालयाने गृहीत धरले होते.

६ जून १९९५ रोजी अकराही न्यायाधीशांनी एकमताने खुनासाठी असलेली फाशी रद्द केली. निकालाचा मुख्य आधार जीविताचा हक्क, मानवी प्रतिष्ठा आणि क्रूर शिक्षेस मनाई या घटनेतील कलमांचा होता. केवळ उबुन्टूच्या बळावर तो दिलेला नाही. परंतु त्या कलमांचा अर्थ लावताना अनेक न्यायाधीशांनी उबुन्टूचा आधार घेतला. न्यायमूर्ती इव्हॉन मोक्गोरो यांनी ती झुलु म्हण आपल्या निकालपत्रात सांगितली. न्यायमूर्ती पायस लांगा यांचा विचार असा होता, की उबुन्टू मानणाऱ्या समाजात दुसऱ्याचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा असतो. त्या वर्षांत सर्वत्र रक्त सांडत होते, आणि त्यांच्या मते तो याच भावनेचा लोप होता. मग ज्या सरकारने ही भावना परत आणावयाची, त्यानेच थंडपणे, ठरलेल्या दिवशी, माणसाचा जीव घेऊन ती कशी शिकवावी?

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. न्यायालयाने खून माफ केला नाही. गुन्हेगारास दीर्घकाळ, जरूर तर जन्मभर, तुरुंगात ठेवण्याची वाट मोकळीच होती. ‘तू जे केलेस ते माणसाला शोभणारे नाही, तरीही तू माणूसच आहेस,’ एवढेच त्या निकालाने सांगितले. गुन्हेगार आपले माणूसपण हरवून बसला असेल. परंतु त्याला माणूस मानणे सोडून दिले, तर आपण आपलेही माणूसपण गमावतो.

येथेच गोष्ट संपती, तर ती फार सोपी झाली असती. पुढच्याच वर्षी याच विचाराची दुसरी बाजू न्यायालयापुढे आली, आणि ती घेऊन आलेली माणसे दुखावलेली होती.

सरकारने सत्य आणि समेट आयोग नेमला होता. अँग्लिकन पंथाचे आर्चबिशप डेस्मंड टूटू हे त्याचे अध्यक्ष होते. उबुन्टूचे नाव जगभर पोहोचविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. या आयोगाच्या कायद्यात एक तरतूद होती. राजकीय हेतूने केलेल्या अत्याचाराची जो संपूर्ण कबुली देईल, त्याला माफी मिळू शकेल. मग त्याच्यावर खटला चालणार नाही आणि मृताच्या घरच्यांना त्याच्याकडून नुकसानभरपाईही मागता येणार नाही. त्याने पश्चात्ताप व्यक्त केलाच पाहिजे, अशी अट कायद्यात नव्हती.

स्टीव्ह बिको हा तरुण काळा पुढारी १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला होता. त्याची विधवा आणि अशाच प्रकारे आप्तांना गमावलेले आणखी काही जण या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. आम्हांला न्यायासनापुढे दाद मागण्याचा हक्क आहे, तो आमच्या वतीने दुसऱ्या कोणी सोडून देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. माफीच्या आशेवाचून दडलेले सत्य बाहेर येणार नाही आणि देश शांततेने पुढे जाणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र या कुटुंबांना किती मोठी किंमत मोजावी लागत आहे, हेही त्याने लपविले नाही.

पुढे बिकोच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांनी माफीसाठी अर्ज केले. १९९९ साली ते नामंजूर झाले. त्यांनी सांगितलेली हकिगत समितीला पटली नाही. म्हणजे नुसता अर्ज केला की माफी, असे नव्हते. परंतु ज्यांनी सोसले त्यांच्या पदरात काय पडले? त्यांना सहा वर्षे दरवर्षी काही रक्कम मिळावी, अशी आयोगाची शिफारस होती. २००३ साली सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड एवढी एकच रक्कम देण्याचे जाहीर केले. ज्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा केली गेली, त्यांना समाजाने आपला वाटा मात्र कमी दिला, अशी तक्रार त्यांच्यापैकी अनेकांनी केली, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

म्हणून उबुन्टूचा शब्द कोठे ऐकू आला, तर त्याच्या पोटात काय आहे, हे ओळखण्याची एक सरळ खूण आहे. देण्याचा भार कोणावर पडला आहे, ते पाहावे. ज्याने अपराध केला त्याने सत्य सांगितले काय? ज्याचे नुकसान झाले त्याला ते भरून मिळाले काय? सभोवारच्या समाजाने स्वतः काही सोसले काय? हे झाले असेल, तर म्हण जिवंत आहे. परंतु ‘आपण सारे एकच,’ असे म्हणून जर फक्त दुबळ्यालाच गप्प बसावयास सांगितले जात असेल, तर शब्द तेवढा उबुन्टूचा आहे, आशय नव्हे. माणूस माणसांमुळे माणूस होतो, हे खरे; पण त्या ‘माणसां’त ती विधवाही आहे.

१९९६ साली कायमची राज्यघटना झाली. तिच्यात उबुन्टू हा शब्द राहिला नाही. तरीही त्या देशाचे न्यायाधीश आपल्या निकालपत्रांतून तो शब्द वापरीत आले आहेत, आणि झुलु लोकांच्या वाटेवर आजही एकटा माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘आम्ही तुला पाहिले.’