मोदकांच्या ऑर्डरी आणि वीस सेकंदांचं स्टेटस

गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात, घरून उकडीचे मोदक करून देणाऱ्या एखाद्या ताईंचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पाहा. फोटोभोवतीची हिरवी रेघ दहा-बारा तुकड्यांत कापलेली दिसते. दरपत्रक, गेल्या वर्षीचे फोटो, गिऱ्हाइकांच्या कौतुकाचे स्क्रीनशॉट, पुन्हा दरपत्रक. स्टेटस उघडायच्या आधीच ते तुकडे नजरेत भरतात आणि अंगठा पुढच्या नावाकडे सरकतो. एखादा वैतागून म्यूट करतो. त्याची कुठलीही सूचना ताईंकडे जात नाही, त्यामुळे त्या रोज टाकत राहतात.

म्हणून दिवसाला एकच व्हिडिओ टाकावा आणि तोही वीस सेकंदांच्या आत. आता मिनिटभराचा व्हिडिओही सहज चालतो, पण चालतो म्हणून तेवढा भरायचा नसतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये भारतात काही काळ ही मर्यादा १५ सेकंदांवर आणली होती. मोदक दाखवायला तेवढीही पुरते.

आपलं स्टेटस कोण बघतं, हे इथे महत्त्वाचं आहे. साधारणपणे तुमच्याकडे त्यांचा नंबर आणि त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह असेल, तरच ते दिसतं. म्हणजे बघणारी सगळी ओळखीची माणसं. त्यांना ‘नमस्कार मित्रांनो’ नको, फिरणारा लोगो नको आणि फोन नंबर तर मुळीच नको. खालच्या चौकटीत उत्तर लिहिलं की ते थेट तुमच्या चॅटमध्येच येतं. उलट नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या ऑर्डरीलाच ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा’ असं सांगा आणि त्यांचाही करा, नाहीतर पुढच्या वर्षीचं स्टेटस त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

आता प्रत्यक्ष व्हिडिओ. फोन उभाच धरायचा. सुरुवात थेट बोटांपासून: उकडीच्या पारीला कळ्या पाडणारी बोटं, अगदी जवळून, पाच सेकंद. थांबायचं की पुढे जायचं हे बघणारा पहिल्या दोन सेकंदांत ठरवतो. तिथे ‘ऑर्डर सुरू’चा फलक असेल तर तो गेलाच. मग कळ्या एकत्र येऊन टोक वळतं, ते तीन सेकंद. मोदकपात्राचं झाकण निघतं, केळीच्या पानावरचे मोदक दिसतात, ते चार सेकंद. वाफेत कॅमेरा खुपसू नका. भिंगावर दव धरतं, आणि अपलोड होताना व्हिडिओ दाबला जातो तेव्हा हलणाऱ्या वाफेचे चौकोनी ठिपके होतात. फोन डब्याला टेकवून स्थिर ठेवला आणि बाजूने खिडकीचा उजेड घेतला तर वाफ छान उमटते. मग मोदक फोडून त्यावर तूप सोडायचं, तीन सेकंद. आतलं गूळ-खोबरं दिसलंच पाहिजे, कारण सारण किती भरलंय हेच गिऱ्हाईक बघत असतं.

शेवटचे चार सेकंद तुपाचं तेच दृश्य तसंच धरून ठेवा आणि त्यावर तीन ओळी लिहा: ‘११ किंवा २१ नग’, ‘एक नग ३५ रुपये’, ‘शनिवार रात्रीपर्यंत सांगा, डोंबिवली पूर्व’. दर लपवून ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहिणं मला पटत नाही. ओळखीच्या माणसाला भाव विचारून मग नाही म्हणणं जड जातं, म्हणून तो विचारतच नाही. अक्षरं ठळक ठेवा आणि मधल्या भागातच घ्या, कारण वर तुमचं नाव असतं आणि खाली उत्तराची चौकट. काही अ‍ॅपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, ती टाकण्याआधी वाचून घ्या. मग आवाज बंद करून एकदा बघा. लोकलमध्ये बरेचजण असंच बघतात. तरीही सगळं कळलं तर व्हिडिओ तयार झाला. आवाजाला गाणं कशाला? वाटीवर चमचा वाजतो तेवढा पुरे.

टाकण्याआधी स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन ‘My contacts except...’ उघडा. ज्या घरात यंदा सुतक आहे, त्यांना मोदकांची जाहिरात दिसू नये. एवढी काळजी माणसं लक्षात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तास संपण्याआधी, बघणाऱ्यांची यादी पाहून घ्या. स्टेटसचे दोन-तीन भाग टाकले असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा दिसतो. पहिला नव्वदांनी आणि तिसरा तिसांनी पाहिला असेल, तर माणसं मधूनच उठून गेली. नेहमी बघणारी नावं सलग काही दिवस दिसेनाशी झाली तर म्यूटची शंका घ्या, मात्र निळ्या टिका बंद ठेवणारे यादीत दिसतच नाहीत हेही धरून चाला. आणि त्या यादीतल्या एकेकाला ‘पाहिलंत ना, मग किती पाठवू?’ असा मेसेज करू नका. तुमचं स्टेटस उघडणं म्हणजे गळ्यात पडणं, असं एकदा वाटलं की ती व्यक्ती पुन्हा उघडत नाही. ऑर्डरी भरल्या की व्हिडिओ तेव्हाच काढून टाका, म्हणजे रविवारी सकाळी कुणाला नाही म्हणावं लागणार नाही.