रीसेल फ्लॅट, ओलं छत आणि किमतीची बोलणी

तीस वर्षं जुन्या इमारतीतला रीसेल फ्लॅट नुकताच रंगवलेला असेल आणि फक्त बाथरूमबाहेरच्या पॅसेजलाच पीओपीचं छत केलेलं असेल, तर त्या छताच्या वर काय आहे हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. समजा, कोथरूडमधला दुसऱ्या मजल्यावरचा असा फ्लॅट ८० लाखांना तोंडी ठरलाय. करार करण्याआधी तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जाता. तो पीओपीतला दिवा काढतो आणि त्या भोकातून बॅटरी मारतो. आत स्लॅबवर तांबूस ओघळ आहेत आणि एका रेषेत सरळ गेलेली चीर. चांगल्या काँक्रीटवर हातोडी हलकेच मारली की खणखणीत आवाज येतो, इथे मात्र बद्द येतो.

वरच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमध्ये मुरून आतली सळई गंजलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट फोडत सुटतो. म्हणून ही चीर सळईच्या रेषेतच धावते. प्लास्टरच्या वेड्यावाकड्या, केसासारख्या चिरांशी तिची गल्लत करू नये; त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात.

आता बोलणी. विक्रेता हमखास म्हणतो, "अहो, जुनं घर म्हटल्यावर एवढं चालायचंच. किंमत त्या हिशेबानंच लावलीय." यातलं अर्धं खरं आहे. झिजलेल्या फरशा, जुना ओटा, खिळखिळ्या खिडक्या पहिल्याच भेटीत दिसल्या होत्या, तेव्हा ८० लाखांत त्या आल्याच. त्या यादीत घातल्या की समोरच्याला वाटतं, हा कारणं शोधतोय. मग गंजलेली सळईही त्याच यादीत वाहून जाते. म्हणून मागणी फक्त झाकलेल्या दोषाची करावी, आणि सोबत इंजिनिअरचा लेखी अहवाल, फोटो आणि दोन ठेकेदारांची अंदाजपत्रकं ठेवावीत.

समजा, खर्च ३ लाख निघाला. त्यात सैल काँक्रीट काढणं, सळई घासून तिला गंजरोधक लेप देणं, गरज पडल्यास जोडसळई टाकणं आणि पॉलिमर मॉर्टरनं भरणं आलं. पण वरून पाणी येतच राहिलं तर ही दुरुस्ती फुकट. खरा उपाय वरच्या घरात आहे: तिथली फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्यानं करणं. गच्चीतून किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, तर सदनिकेतल्या बाथरूमची ज्याची त्यानं, अशी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची साधारण विभागणी आहे. म्हणजे इथे चावी वरच्या शेजाऱ्याच्या हातात. तो दार उघडायला तयार नसेल तर ३ लाखांची सूट घेऊनही तुमच्या हाती ओलं छतच पडतं. शेजाऱ्याची लेखी संमती विक्रेत्याकडूनच मागावी. इतकी वर्षं त्यांच्याशी त्याचं जाणं-येणं आहे, तुमची तर अजून ओळखही नाही.

त्यात कर्जाचा हिशेब वेगळाच. बँक किमतीच्या ८० टक्के देते असं धरू. ८० लाखांवर ६४ लाख कर्ज आणि १६ लाख तुमचे. किंमत ७७ लाख झाली की कर्ज ६१ लाख ६० हजारांवर येतं आणि तुमचे लागतात १५ लाख ४० हजार. म्हणजे खिशात आज वाचले ६० हजार, आणि ठेकेदाराला रोख द्यायचेत ३ लाख. बाकीची बचत वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत हळूहळू मिळणार. शिवाय करारातली किंमत रेडीरेकनरच्या खाली गेली तर मुद्रांक शुल्क रेडीरेकनरच्या मूल्यावरच भरावं लागतं. हातात रोकड कमी असेल तर किंमत पाडण्यापेक्षा विक्रेत्याकडूनच, तुमच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली, खरेदीखताआधी काम करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

"नंतर कोर्टात पाहू" यावर विसंबू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानं सांगायलाच हवा. पण अहवाल तुमच्या हातात पडला की तो दोष तुमच्यापासून लपलेला राहत नाही. करारात "आहे त्या स्थितीत" असे शब्द घातले तर दावा आणखी लंगडा होतो. रेराची पाच वर्षांची हमी बिल्डरवर असते, जुन्या घराच्या मालकावर नाही. जे ठरवायचं ते सहीआधीच.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, वरच्या बाथरूमची नहाणी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवतात आणि खाली स्लॅब पाहतात. स्लॅब कोरडा राहिला तरच त्याची दुरुस्ती सुरू करावी. तुमच्या वाट्याच्या रकमेतला शेवटचा चेक या चाचणीनंतर आणि इंजिनिअरनं स्लॅब पुन्हा ठोकून पाहिल्यानंतरच द्यायचा, अशी अट साठेखतात तारखेसह लिहून घ्यावी.